फोटोतली चकाकी नको, ठिपका बघा: मुलाच्या डोळ्यांतला तिरळेपणा, पडलेली पापणी आणि लहानमोठी बाहुली कशी ओळखायची

साडेतीन वर्षांची एक मुलगी तपासणीला आली, तेव्हा तिच्या आईनं केसपेपरच्या आधी फोन पुढे केला. वाढदिवसाचा फोटो होता, फ्लॅश मारून काढलेला. मुलीची डावी बाहुली फिकट पिवळसर-पांढरी चमकत होती आणि उजवी जेमतेम मंद लाल दिसत होती. आईनं आदली रात्र वाचण्यात घालवली होती. तिचा एकच प्रश्न होता, "हा कॅन्सर नाही ना?"

मी फोटो मोठा केला आणि त्या पांढऱ्या चकाकीकडे मुद्दाम दुर्लक्ष करून, त्याच डोळ्यातल्या टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघितलं. उजव्या डोळ्यात तो बाहुलीच्या जवळजवळ मधोमध होता. डाव्यात मात्र तो कानाच्या बाजूला सरकलेला होता. मुलीचा डावा डोळा आत वळत होता. घरात ते आजवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

तपासणी तरीही पूर्ण करावी लागली, ते पुढे येईलच. पण फोटो वाचताना सगळी गोम इथेच आहे. फ्लॅशमुळे डोळ्यात दोन वेगवेगळे परावर्तित प्रकाश दिसतात, आणि बहुतेक लोक चुकीच्या प्रकाशाकडे बघत बसतात.

ठिपका आणि चकाकी

ठिपका येतो बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यावरून. त्याचा पृष्ठभाग ओला आणि फुगीर असतो, त्यामुळे समोरचा दिवा त्यात छोट्या आरशासारखा दिसतो. हा ठिपका कुठे पडतो, हे दिवा कुठे आहे आणि डोळा कुठे वळला आहे यावरच ठरतं. डोळ्याच्या आत काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नसतो, म्हणून तो भरवशाचा.

चकाकी म्हणजे बाहुलीतून येणारा लाल, नारिंगी, पिवळा किंवा पांढरा उजेड. फ्लॅशचा प्रकाश बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावर आपटतो आणि आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असेल तरच तो परत लेन्समध्ये शिरतो. ही चकाकी किती उजळ आणि कोणत्या रंगाची दिसेल, हे बाहुली किती उघडी आहे, नजर कुठे आहे, चष्म्याचा नंबर किती आहे, मागच्या पडद्याचा कोणता तुकडा कॅमेऱ्यासमोर आला आहे आणि फोनच्या सॉफ्टवेअरनं फोटोशी काय केलं आहे, अशा पाच-सहा गोष्टींवर अवलंबून असतं. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की एका चकाकीवरून निष्कर्ष काढणं म्हणजे धूर बघून चुलीवर काय शिजतंय ते सांगणं.

आधी वाचता येईल असा फोटो काढा

अल्बममधले फोटो पुढे उपयोगी पडतील, पण सुरुवात नव्या फोटोंपासून करा. मागचा कॅमेरा वापरा. सेल्फीचा कॅमेरा कधी प्रतिमा आरशासारखी उलटी साठवतो, कधी नाही. मग आई उजवा डोळा म्हणते, फोटोत डावा दिसतो आणि तपासणीच्या खोलीत पाच मिनिटं त्यातच जातात. मागच्या कॅमेऱ्याच्या फोटोत मुलाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

अंतर साधारण एक मीटर ठेवा आणि जवळ जाण्याऐवजी थोडं झूम करा. फार जवळून काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा आकार बिघडतो. शिवाय नाकासमोर फोन आला की मुलाचे डोळे आपोआप आत वळतात. फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत पापण्यांबद्दल काहीच सांगता येत नाही. खोलीत एकच मोठा दिवा किंवा खिडकी असेल तर ती मुलाच्या पाठीशी ठेवा, नाहीतर प्रत्येक डोळ्यात दोन-तीन ठिपके पडतात आणि कुणाची तुलना कुणाशी करायची ते कळत नाही. असे जास्त ठिपके आलेच, तर दोन्ही डोळ्यांत एकाच दिव्याचा ठिपका शोधून त्यांचीच तुलना करायची.

फ्लॅश 'ऑटो' नको, 'चालू' ठेवा. लाल डोळे घालवणारी सोय, चेहरा गुळगुळीत करणारी सोय आणि पार्श्वभूमी धूसर करणारा मोड, तिन्ही बंद करा. लाल डोळे घालवणारी सोय दोन प्रकारे काम करते. एक म्हणजे खऱ्या फ्लॅशच्या आधी छोटा फ्लॅश मारून बाहुल्या आकुंचित करणं. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा: सॉफ्टवेअर बाहुली शोधून तिथे सरळ काळा गोल रंगवतं. तो गोल दोन्ही डोळ्यांत सारखाच येईल याची काही खात्री नसते. असे रंगवलेले गोल बघून "एक बाहुली मोठी आहे" म्हणून आलेले पालक मी पाहिले आहेत.

राहिली मुलाची नजर. "इकडे बघ" म्हटल्यावर मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, लेन्सकडे नाही. लेन्सच्या अगदी शेजारी, लेन्स न झाकता, एक छोटं रंगीत स्टिकर लावा आणि "यावर काय आहे सांग" असं विचारा. मूल स्टिकर न्याहाळतं त्या दोन सेकंदांत सलग पाच-सहा फोटो घ्या. डोकं सरळ हवं, मान कलती नको. एकाच फोटोवर कधीच विसंबू नका. सहापैकी चारांत तेच दिसलं तर बोलण्यासारखं काही आहे.

फोटो मेसेजवरून फिरवून परत घेतलेला नको, मूळ फाइलच बघा. पाठवताना फोटो दाबला जातो आणि आपल्याला हवा तो ठिपका चार-पाच पिक्सेलचा डाग होऊन बसतो.

ठिपक्यावरून तिरळेपणा

फोटो इतका मोठा करा की एक डोळा अर्धा पडदा व्यापेल. बुबुळाचा, म्हणजे रंगीत वर्तुळाचा, डावा-उजवा काठ शोधा आणि त्याचा मध्य ठरवा. गडद तपकिरी डोळ्यांत बाहुलीचा काठ दिसत नाही, पण बुबुळाचा दिसतो, म्हणून मध्य बुबुळावरून काढणंच सोपं. आता ठिपका त्या मध्यापासून किती आणि कोणत्या बाजूला आहे ते बघा. दुसऱ्या डोळ्यातही तसंच.

इथे एक गोष्ट आधी माहीत हवी. निरोगी डोळ्यातही ठिपका नेमका मध्यावर पडत नाही. तो किंचित, साधारण अर्धा मिलिमीटर, नाकाच्या बाजूला असतो, कारण आपण ज्या रेषेतून बघतो ती रेषा बुबुळाच्या मध्यातून जात नाही. दोन्ही डोळ्यांत ठिपके नाकाकडे सारखेच सरकलेले असतील, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटत असतील, तर डोळे सरळ आहेत.

दोन्ही ठिपके फोटोत एकाच दिशेला, समजा दोन्ही आपल्या डावीकडे, सारखेच सरकलेले असतील, तर मूल फक्त दुसरीकडे बघत होतं. तो फोटो बाद.

एका डोळ्यात ठिपका जागच्या जागी आणि दुसऱ्यात वेगळ्याच ठिकाणी, असं असेल तर तिरळेपणाची शंका घ्यायची. ठिपका कानाकडे सरकला असेल तर डोळा आत वळला आहे, नाकाकडे बराच सरकला असेल तर बाहेर. खाली सरकला असेल तर डोळा वर गेला आहे. दिशा उलटी वाटते, पण ठिपका जागेवर असतो आणि त्याच्याखालून डोळा फिरतो, असं डोळ्यांसमोर आणलं की गोंधळ होत नाही.

त्या मुलीचा आम्ही नव्यानं काढलेला फोटो घेऊन आकडे मांडतो. दोन्ही बुबुळं ९० पिक्सेल रुंद होती. या वयात बुबुळ साधारण ११.५ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे १ मिलिमीटरला सुमारे ८ पिक्सेल. उजव्या डोळ्यात ठिपका मध्यापासून ४ पिक्सेल नाकाकडे होता, म्हणजे अर्धा मिलिमीटर, अगदी नेहमीसारखा. डाव्यात तो १२ पिक्सेल कानाकडे होता, म्हणजे दीड मिलिमीटर. उजव्यासारखाच तो अर्धा मिलिमीटर नाकाकडे असायला हवा होता, म्हणून एकूण फरक २ मिलिमीटरचा झाला.

जुना ठोकताळा सांगतो की १ मिलिमीटरला सुमारे ७ अंश. एकोणिसाव्या शतकात हिर्शबर्ग या जर्मन नेत्रतज्ज्ञानं मेणबत्तीच्या ज्योतीचा ठिपका बघून तिरळेपणा मोजण्याची जी पद्धत आणली, तिचाच हा वारसा. फोटोवरून मोजताना मात्र १ मिलिमीटरला १२ अंशांच्या आसपासचा आकडा जास्त जवळ जातो, असं पुढच्या मोजमापांत दिसलं. म्हणजे या मुलीचा तिरळेपणा १४ ते २४ अंशांच्या मधे कुठेतरी. प्रिझम लावून मोजल्यावर तो सुमारे १७ अंश निघाला. घरच्या मोजणीतून नेमका आकडा मिळत नाही, आणि त्याची गरजही नसते. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक, तोही पुन्हा पुन्हा त्याच डोळ्यात दिसला, की वेळ घ्यायची.

फोटोनं शंका आली तर घरी करण्यासारखी एक खातरजमा आहे. मूल एखाद्या छोट्या चित्राकडे टक लावून बघत असताना, सरळ वाटणारा डोळा तळहातानं झाका आणि उघड्या डोळ्याकडे लक्ष ठेवा. तो चित्र पकडायला आतून बाहेर किंवा बाहेरून आत हलला, तर आधी तो चित्राकडे बघतच नव्हता. मुलानं एक डोळा झाकू दिला पण दुसरा झाकताच हात ढकलून रडायला लागलं, तर तेही महत्त्वाचं आहे. कदाचित उघड्या राहिलेल्या डोळ्यानं त्याला नीट दिसत नसेल.

जो तिरळेपणा नसतोच

लहान मुलांत सगळ्यात जास्त फसवणूक नाक करतं. नाकाचं हाड अजून बसकं असतं आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते. ती घडी नाकाकडचा पांढरा भाग झाकते. कानाकडे पांढरं भरपूर आणि नाकाकडे जवळजवळ नाही, म्हणजे डोळा आत गेलाय असं बघणाऱ्याला वाटतं. मुलानं मान जराशी वळवली की एका बाजूचं पांढरं पूर्ण गायब होतं आणि फोटो पक्का तिरळा दिसतो.

इथे पांढरा भाग विसरून फक्त ठिपका बघायचा. तो दोन्हीकडे सारखा असेल तर डोळे सरळ आहेत. नाकाच्या हाडावरची कातडी दोन बोटांनी हलकेच पुढे ओढली की घडी ताणली जाते आणि "तिरळेपणा" तिथल्या तिथे नाहीसा होतो. आजी-आजोबांना पटवायला हे प्रात्यक्षिक फार उपयोगी पडतं. पण बसकं नाक असलेल्या मुलाला खरा तिरळेपणाही असू शकतो. "मोठी झाली की सुटेल" हे वाक्य ठिपका बघितल्यानंतरच उच्चारावं.

तान्ह्या बाळाचे डोळे पहिल्या तीन-चार महिन्यांत मधूनच भरकटतात, तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. एकच डोळा कायम वळलेला असेल तर मात्र वय कितीही असो, दाखवायचं. चार महिन्यांनंतर अधूनमधून दिसणारं भरकटणंसुद्धा दाखवायचं.

चकाकी कशी फसवते

आता त्या पांढऱ्या बाहुलीकडे येऊ. मागच्या पडद्यावर जिथून दृष्टीची नस बाहेर पडते, तिथे एक फिकट गोल चकती असते. ती स्पष्ट बघण्याच्या बिंदूपासून सुमारे १५ अंश नाकाकडे असते. डोळा कॅमेऱ्याच्या रेषेपासून बरोबर तेवढाच नाकाकडे वळला, तर फ्लॅशचा प्रकाश त्या चकतीवर पडतो आणि लाल ऐवजी फिकट पिवळा-पांढरा उजेड परत येतो. डोळे अगदी सरळ असलेलं मूलसुद्धा फोटोच्या क्षणी स्वतःच्या डावीकडे बघत असेल, तर त्याच्या उजव्या डोळ्यात असं होऊ शकतं. आमच्या मुलीचा डावा डोळा तिरळेपणामुळेच १७ अंश आत वळलेला होता, म्हणजे चकती आयतीच कॅमेऱ्यासमोर आली होती.

म्हणून पांढरी चकाकी दिसली की आधी ठिपके बघा. नजर बाजूला होती का? मग नजर सरळ ठेवून आणि थोडी डावी-उजवीकडे ठेवून पुन्हा फोटो काढा. पण हे फक्त समजून घेण्यासाठी. खरी पांढरी बाहुली मोतीबिंदूमुळे किंवा डोळ्यातल्या पडद्याच्या गाठीमुळे, म्हणजे रेटिनोब्लास्टोमामुळेही येते. ही गाठ दुर्मीळ आहे, साधारण १५ ते २० हजार जन्मांत एक, पण बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत होते आणि वेळेवर सापडली तर जीव आणि बऱ्याचदा डोळाही वाचतो. शिवाय तिरळेपणा हे त्या गाठीचंही एक लक्षण आहे. त्यामुळे "तिरळेपणा सापडला, पांढऱ्याचं कारण कळलं" असं म्हणून थांबता येत नाही. आम्ही त्या मुलीच्या डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, मागचा पडदा कडेपर्यंत बघितला, चकती आणि बाकी सगळं ठीक निघालं, आणि तेव्हाच आईला कॅन्सर नाही असं सांगितलं. एकाच फोटोत जरी पांढरी बाहुली दिसली तरी पुढच्या काही दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, फोटो पुन्हा तसा आला नाही तरीही.

एक डोळा लाल आणि दुसरा काळा, हा प्रकार सगळ्यात जास्त विचारला जातो. लोक काळ्या डोळ्याला आजारी धरतात. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की मान वळलेली होती आणि एका डोळ्यातला उजेड लेन्सच्या शेजारून निघून गेला. तिरळेपणात तर उलटंच दिसतं. वळलेला डोळा जास्त उजळ दिसतो आणि कॅमेऱ्याकडे नीट बघणारा चांगला डोळा मंद. एका डोळ्यात बाहुलीच्या फक्त वरच्या किंवा खालच्या भागात उजळ कोर दिसत असेल, तर त्या डोळ्याला चष्म्याचा मोठा नंबर असू शकतो. फोन उलटा धरला की ती कोर दुसऱ्या बाजूला जाते, कारण तिची जागा फ्लॅश लेन्सच्या कोणत्या बाजूला आहे त्यावर ठरते. फोटोंमध्ये हा फरक कायम त्याच डोळ्यात येत असेल, तर कारण ओळखायच्या फंदात न पडता तपासून घ्या.

पडलेली पापणी

इथेही मोजायला तोच ठिपका. ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या काठापर्यंतचं उभं अंतर मोजा. साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं आणि वरची पापणी बुबुळाचा वरचा १ ते २ मिलिमीटर भाग झाकते. दोन बाजूंत २ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त फरक असेल तर पापणी पडलेली आहे असं धरायला हरकत नाही. मिलिमीटरभराचा फरक कितीतरी चेहऱ्यांत असतोच.

या मोजणीची अडचण अशी की पापणी स्थिर नसते. फ्लॅशनं डोळे मिटतात, हसताना बारीक होतात, झोप आली की जड होतात. शिवाय पापणी पडलेलं मूल नकळत ती झाकून नेतं. म्हणून मी पापणीइतकंच भुवईकडे बघते. एका बाजूची भुवई उंच, कपाळाच्या त्याच अर्ध्या भागावर आठ्या, आणि प्रत्येक फोटोत हनुवटी वर. पाच वर्षांच्या एका मुलाचे घरातले सगळे फोटो असे होते. घरच्यांना वाटत होतं, पोरगा ऐटीत उभा राहतो. तो पापणीखालून बघत होता. अशा वेळी हनुवटी खाली करून, कपाळावर तळहात हलकेच ठेवून भुवई हलू न देता फोटो काढला की पापणी किती पडते ते दिसतं.

आणखी दोन फोटो काढण्यासारखे आहेत. एक, मूल जमिनीकडे बघत असताना. जन्मतः पापणी उचलणारा स्नायू कमजोर असेल तर तो नीट सैलही होत नाही, म्हणून समोर बघताना खाली असलेली पापणी खाली बघताना मात्र दुसरीपेक्षा वर राहते. दुसरा, तान्हं बाळ दूध पीत असताना किंवा मूल चावत असताना, शक्यतो व्हिडिओ. काही मुलांत जबडा हलला की पडलेली पापणी टुणकन वर जाते. हा जन्मजात नसांच्या जोडणीतला घोळ आहे आणि तो डॉक्टरांना आयता दाखवता आला तर बरंच काम सोपं होतं.

पापणी बाहुलीचा मध्य झाकत असेल, म्हणजे ठिपकाच दिसत नसेल, तर थांबू नका. तो डोळा बघायला शिकतच नाही आणि आळशी होतो.

कधी पापणी बरोबर असते आणि डोळाच खाली वळलेला असतो. पापणी डोळ्याच्या मागोमाग खाली येते. दुसरा डोळा झाकल्यावर खालचा डोळा वर आला आणि पापणीही सोबत वर गेली, तर मूळ दुखणं तिरळेपणाचं आहे.

लहानमोठ्या बाहुल्या

गडद डोळ्यांत साध्या फोटोत बाहुलीचा काठ शोधणं जवळपास अशक्य. इथे चकाकी कामाला येते, कारण उजळ गोल म्हणजेच बाहुली. पण दोन्ही गोल नीट भरलेले असतील तरच मोजा. उजळ गोल काळ्यापेक्षा मोठा भासतो, त्यामुळे एक उजळ आणि एक काळा असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, काठापासून काठापर्यंत पिक्सेल मोजा.

"एका बाजूनं खिडकीचा उजेड होता म्हणून तिकडची बाहुली लहान" हे स्पष्टीकरण फार वेळा ऐकू येतं आणि ते चूक आहे. एका डोळ्यावर उजेड पडला तरी निरोगी डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सोबतच आकुंचित होतात. फ्लॅशच्या क्षणी बाहुली आकुंचित होईपर्यंत फोटो निघूनही गेलेला असतो. फोननं फोकससाठी आधी दिवा लावला असेल तर त्या दोन्ही अर्धवट आकुंचित सापडतात, पण सारख्याच.

साधारण पाचातल्या एका निरोगी माणसाच्या बाहुल्यांत थोडा फरक असतो, सहसा १ मिलिमीटरच्या आतला. तो उजेडात आणि अंधारात सारखाच राहतो. म्हणून दोन फोटो हवेत: एक भर उजेडात आणि एक खोली अंधारी करून फ्लॅशनं. फरक उजेडात वाढत असेल तर मोठी बाहुली आकुंचित होत नाही. मुलानं धोत्र्याला हात लावून डोळा चोळला किंवा कुणाचं डोळ्याचं औषध लागलं तरी असं होतं. फरक अंधारात वाढत असेल तर लहान बाहुली उघडत नाही. दिवा मालवल्यावर ५ सेकंदांनी एक आणि १५ सेकंदांनी एक फोटो काढला आणि पहिल्यात फरक जास्त दिसला, तर ती बाहुली उशिरा उघडतेय. त्याच बाजूची पापणीही मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली असेल, तर मानेतून जाणाऱ्या नसेचा प्रश्न असू शकतो आणि लहान मुलांत त्यामागे मानेत किंवा छातीत गाठ तर नाही ना, हे बघावं लागतं. लवकर दाखवा.

उलट जोडी, म्हणजे पापणी पडलेली, त्याच बाजूची बाहुली मोठी, डोळा बाहेर-खाली वळलेला, आणि हे नव्यानं झालेलं, ही त्याच दिवशी इस्पितळात जायची गोष्ट आहे. डोक्याला मार लागल्यानंतर बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, किंवा अचानक आलेल्या तिरळेपणासोबत डोकेदुखी, उलट्या, गुंगी असणं हेही तसंच. तिथे फोटो काढत बसायचं नाही.

डॉक्टरांकडे काय न्यायचं

मूळ फाइलींसह चार-पाच नवे फोटो आणि अल्बममधले जुने. हे कधीपासून आहे, याचं उत्तर आठवणीपेक्षा फोटो चांगलं देतात. तारखेनं मागे जात शेवटचा सरळ डोळ्यांचा फोटो शोधा. त्या मुलीच्या बाबतीत आई म्हणाली, "परवापासून." फोटोंनी सात महिने मागे नेलं, आणि तेही फक्त जवळच्या खेळण्याकडे बघतानाच्या फोटोंत. दूर बघतानाच्या फोटोंत डोळे सरळ होते. या एका निरीक्षणानं दिशा मिळाली. वय दोन-तीनच्या आसपास सुरुवात आणि आधी फक्त जवळ बघताना वळणं, म्हणजे दूरदृष्टीचा मोठा नंबर असण्याची दाट शक्यता. डोळा फोकस करायला जास्त जोर लावतो आणि त्या जोरात आत वळतो.

फोटो काय सांगू शकत नाहीत तेही समजून घ्या. चार-पाच अंशांचा तिरळेपणा त्यात दिसत नाही. फक्त थकल्यावर किंवा उन्हात बाहेर जाणारा डोळा फोटोच्या क्षणी सरळ असू शकतो. आणि एका डोळ्याला मोठा नंबर असूनही डोळे सरळ असतील तर ठिपक्यात काहीच सापडत नाही. तो डोळा गुपचूप आळशी होत राहतो. ठिपके सारखे आले म्हणून नजर तपासायची टाळू नका.

त्या मुलीला दोन्ही डोळ्यांना अधिक पाचचा चष्मा लागला. दोन महिन्यांनी आईनं पुन्हा फोटो आणला, आणि या वेळी डाव्या काचेवर मोठा हिरवट डाग होता, ठिपका दिसेना. तो काचेवरचा प्रतिबिंबाचा डाग होता. चष्मा काढून फोटो काढला तर डोळा पुन्हा वळेल, म्हणून आम्ही चष्म्याच्या काड्या कानांवरून बोटभर उचलल्या, काचा किंचित खाली झुकल्या, डाग वर सरकला. खाली बुबुळावर दोन ठिपके दिसले, दोन्ही मध्यापासून अर्धा मिलिमीटर नाकाकडे.